सहा महिन्यांची अट

मैत्रीत कागद आणला की मैत्री नासते, असं सांगणारी माणसं मला पुष्कळ भेटली. त्यातली निम्मी आपल्या सख्ख्या भावाशी बोलत नाहीत. म्हणून त्या रविवारी सकाळी मी तीन पानं, दोन प्रतींमध्ये, पर्समध्ये घातली आणि तुफानच्या दुकानाकडे निघाले. कुणी काय म्हणेल ते म्हणो, कागदावर सह्या झाल्याशिवाय परत यायचं नाही, असं आईला सांगूनच उंबरा ओलांडला. आई म्हणाली, "भांडू नकोस म्हणजे झालं." मी म्हटलं, "तेही यादीत आहे."

तुफान म्हणजे माझी तीस वर्षांची मैत्रीण. शिवणाच्या क्लासमध्ये आम्ही एका बाकावर होतो. मी एक फ्रॉक नीट मापून, खडूने आखून कापेपर्यंत हिचे तीन शिवून तयार असायचे. त्यातल्या एकाची बाही हमखास उलटी लागलेली असायची. बाईंनी तिला तुफान म्हटलं आणि तिने मला मोजपट्टी. दोन्ही नावं चिकटली. पुढे तिने शिवणाचं दुकान काढलं, आता त्याला बारा वर्षं झाली. मी गणवेशांच्या फॅक्टरीत कटिंगला लागले आणि तिथेच कटिंग मास्तर झाले. तेवीस वर्षं. ती एक कपडा कापते, मी एका वेळी ऐंशी थर कापते. एवढाच काय तो आमच्यात फरक, असं ती सगळ्यांना सांगते.

भागीदारीची गोष्ट तिनेच काढली होती, दोन महिन्यांपूर्वी. किरकोळ शिवणात आता काही उरत नाही, गणवेशांची मोठी कामं घ्यायची, तू कापायचं, मी गिऱ्हाईक आणायचं आणि शिवून घ्यायचं. मला कल्पना पटली होती. पण माझ्याकडे होते फक्त पाच लाख, तेवीस वर्षांत बाजूला टाकलेले. घरात मी आणि आई. पैसे बुडाले तर पुन्हा तेवीस वर्षं कुठून आणणार? हे मला रात्रंदिवस टोचत होतं. म्हणून वकीलबाईंकडे दोनदा जाऊन आले आणि अटी लिहून काढल्या.

रविवारी दुकान बंद असतं. शटर अर्धं वर होतं. आत तुफान मशीनला तेल घालत होती आणि तिचे यजमान, आमचे भावोजी, बटणं रंगानुसार बरण्यांत भरत होते. भावोजींना दिवसाला साधारण वीस वाक्यं पुरतात. बाकीची सगळी बायको वापरते.

"आण तो कागद!" मी टेबलाशी बसायच्या आधीच तुफान म्हणाली. तेलाचे हात कापडाला पुसले, पेन उचललं, शेवटचं पान उलटलं. "सही कुठे करू?"

मी कागदावर हात ठेवला. "आधी वाच."

"अगं, आपल्यात काय वाचायचं? तू लिहिलंयस ना, मग बरोबरच असणार."

"वाचल्याशिवाय सही केलीस तर मी हा कागद फाडीन. मला सही करणारी मैत्रीण नकोय, वाचून सही करणारी भागीदार हवीये."

तिने पेन ठेवलं. मग चष्मा शोधला, तो डोक्यावरच होता, आणि मोठ्याने वाचायला लागली.

पहिल्या अटी कामाच्या होत्या. कापड घेणं, खाके, कटिंग आणि माल तपासणं माझ्याकडे. गिऱ्हाईक, शिवणाऱ्या बायका आणि वेळेवर माल पोचवणं तिच्याकडे. दोघींना दरमहा सारखाच ठरलेला मेहनताना आणि तो काढून उरेल त्यात नफ्याची वाटणी. पन्नास हजारांवरच्या खरेदीला किंवा कामाला दोघींची सही. इथे तिने "हं" म्हटलं आणि पान जरा लवकरच उलटलं. ते मी पाहिलं, पण त्या वेळी त्याचा अर्थ लागला नाही.

मग आलं भांडवल. तिच्या पाच मशीन्स, टेबलं, इस्त्र्या मिळून साडेतीन लाख. दुकानाची अनामत तिने भरलेली, ती दीड लाख. झाले पाच. माझे पाच रोख. त्यातले दोन आता, कापड आणि कटिंग मशीनसाठी. बाकीचे तीन सहा महिने झाल्यावर. वाटणी निम्मी निम्मी.

"साडेतीन लाख?" तुफानचा आवाज चढला. "काजाचं मशीन एकटंच दीड लाखाचं आहे!"

"नवीन असताना. मी मशीन दुरुस्तीवाल्याला विचारलं. तुझ्याच. त्याने सगळ्यांची आजची किंमत लिहून दिलीये, ही चिठ्ठी."

तिने चिठ्ठी पाहिली. अक्षर ओळखीचं होतं, त्यामुळे चिठ्ठीवर राग काढता येईना. मग तिने दुसरीकडून धरलं. "बरं, मशीन जुनी. आणि माझी बारा वर्षं? या गल्लीत लोक 'तुफानकडे टाका' म्हणतात, ते नाव? गिऱ्हाईकं? त्याचे किती धरलेस?"

मी काहीच धरलं नव्हतं. खरं सांगायचं तर डोक्यातच आलं नव्हतं. मशीनची चाकं मोजली, टेबलाचे पाय मोजले आणि जी गोष्ट नसती तर मी इथे आलेच नसते, ती मोजायची राहिली. मला शरम वाटली आणि मी तसं सांगितलं. "चुकलं माझं. काय धरू?"

माझी कबुली ऐकून तीच गडबडली. तिला भांडायचं होतं. थोडा वेळ घासाघीस झाली. शेवटी ठरलं की पहिले सहा महिने नफा पंचावन्न-पंचेचाळीस, पंचावन्न तिचे. त्यानंतर निम्मा निम्मा. दोन्ही प्रतींवर मी खोडून लिहिलं आणि आम्ही बाजूला आद्याक्षरं केली. भावोजींनी चहा केला. मला वाटलं, जिंकले, आता उतारच आहे.

सातवी अट चाचणीची होती. पहिले सहा महिने चाचणी. या काळात दुकान तिच्याच नावावर. कटिंग मशीन माझ्या पैशाचं, ते माझंच. भागीदारी मोडली तर शिल्लक कापड निम्मं निम्मं, आधीच घेतलेली कामं दोघींनी पुरी करायची, जुनी गिऱ्हाईकं तिची. सहा महिने संपायच्या पंधरा दिवस आधी कुणीही एकीने लेखी कळवलं तर चाचणी तिथेच संपेल. कुणीच कळवलं नाही तर पुरी भागीदारी.

"चाचणी," तुफान म्हणाली. "म्हणजे मला ट्रायलवर ठेवणार तू?"

"दोघींनाही. तूही मला काढू शकतेस. नमुना शिवल्याशिवाय आपण ठोकात कात्री चालवतो का?" हे वाक्य मी घरून तयार करून आणलं होतं.

"ए, मला कापडाच्या गोष्टी सांगू नकोस. ते मी गिऱ्हाइकांना सांगते," ती म्हणाली. पण हसली. वाक्य फुकट गेलं तरी काम झालं होतं. तिने पेन उचललं.

तेवढ्यात भावोजी बोलले. "ताई, हे पंधरा दिवस कशाला?"

"म्हणजे?"

"सोडायचं तर महिन्याची नोटीस असते, नाहीतर नसते. पंधराच का? आणि सहाच महिने का? गणवेशाचा धंदा वर्षाचा असतो."

दिवसभरात वीस वाक्यं, पण त्यातलं एक असं. मला खोटं सांगता आलं असतं. वकीलबाईंवर ढकलता आलं असतं. पण भागीदारीच्या पहिल्या कागदावर खोटं बोलायचं, मग तो कागद कशाला?

"फॅक्टरीने मला सहा महिन्यांची बिनपगारी रजा दिलीये," मी म्हणाले. "लेखी. परत यायचं असेल तर पंधरा दिवस आधी कळवायचं. जागा तीच मिळेल. रजा घेते की नाही, ते मला परवा सांगायचंय."

तुफानने पेन खाली ठेवलं. उठली, इस्त्री लावली आणि बंद दिवशी, कुणाचा तरी आधीच इस्त्री झालेला शर्ट पुन्हा इस्त्री करायला लागली.

"एक पाय तिथे, एक इथे," भिंतीकडे बघत म्हणाली.

"हो. कारण माझे दोन्ही पाय माझ्या आईचा भार घेऊन उभे आहेत."

"आणि मी वेडी, सगळ्यांना सांगून बसले." तिने इस्त्री उभी केली, कपाटातून एक पाकीट काढलं आणि माझ्यासमोर टाकलं. "घे. बघ मी काय केलंय तुझ्या भरवशावर."

आत हॉस्पिटलच्या कागदावर ऑर्डर होती. कर्मचाऱ्यांचे सहाशे चाळीस जोड, वरचा सदरा आणि पायजमा, पंचेचाळीस दिवसांत. खाली तुफानची सही. आणि सहीवर नवाच बनवून घेतलेला शिक्का, दोघींच्या नावांचा.

माझं डोकं फिरलं. "हे कधी?"

"परवा. आणखी दोघेजण दर देणार होते. थांबले असते तर गेली असती."

"माझं नाव तू मला न विचारता टाकलंस? वकीलबाईंनी मला काय सांगितलं माहितीये? भागीदार म्हणून एकीने सही केली की दुसरी बांधली जाते. पुढे हॉस्पिटलने माल परत केला तर माझ्या पाच लाखांवर येईल, तुझ्या काजाच्या मशीनवर नाही!"

"तुला पाच लाखांशिवाय दुसरं काही दिसतं का?"

"नाही दिसत! तेवढेच आहेत!"

भावोजींच्या हातातून बटणांची बरणी सांडली. पांढरी बटणं टेबलाखाली गेली. कुणी उचलायला वाकलं नाही. मी पर्स घेतली, कागद घेतले, शटरपर्यंत गेले. आणि तिथे थांबले. मी काय ठरवून आले होते? सह्या झाल्याशिवाय परत जायचं नाही. ठरवणं म्हणजे सगळं गोड चाललं असताना ठरवणं नव्हे. शिवाय मला एक गोष्ट कळायलाच हवी होती. मी मागे वळले.

"दर काय दिलास? कापड किती धरलंस एका जोडाला?"

"अडीच मीटर."

"कशावरून?"

"नमुना शिवला ना. मधल्या मापाचा."

"धुऊन बघितलंस?"

"तीनदा. तेवढी अक्कल आहे मला. शंभराला दोन आटतं, ते धरून अडीच."

ते बरोबर होतं, तिचं कौतुकच करायला हवं. पण चूक दुसरीकडे होती आणि ती शिंप्यानेच करावी अशी चूक होती. शिंप्याला एका वेळी एकच माणूस दिसतो. "मापांची यादी कुठेय?"

यादी ऑर्डरमागे टाचलेली होती. तुफानने ती वाचली नव्हती. सहाशे चाळीसपैकी दोनशे दहा जोड सगळ्यात मोठ्या दोन मापांचे होते. एकेक कापायला गेलं तर त्यांना जवळपास तीन मीटर लागतात. मी बोटांवर हिशोब केला. मोठी मापं धरून सरासरी दोन मीटर पासष्ट. म्हणजे जोडामागे पंधरा सेंटिमीटर कापड पदरचं. शंभरेक मीटर. तुफानने धरलेला नफा जवळजवळ सगळा त्यातच जात होता.

मी सांगितलं तेव्हा ती खाली बसली. तीस वर्षांत मी तिला दमलेली पाहिली आहे, रडताना पाहिली आहे, घाबरलेली पाहिली नव्हती. "परत करू का ऑर्डर?"

"पुठ्ठा आण," मी म्हणाले.

शर्टांच्या खोक्यांच्या पुठ्ठ्यांवर मी सगळ्या मापांचे छोटे खाके काढले, खऱ्याच्या पाचव्या हिश्श्याचे. पाठ, पुढा, बाह्या, पायजम्याचे पाय, खिसे. टेबलावर कापडाच्या पन्ह्याच्या प्रमाणात दोन रेघा मारल्या आणि त्यांच्यामध्ये तुकडे मांडायला बसले. हे माझं काम. फॅक्टरीत सगळी मापं एकत्र मांडतात. मोठ्याच्या मांडीशेजारी जी खोलगट जागा उरते तिथे लहानाची बाही बसते, खिसे तर कुठेही घुसतात. फक्त उभा धागा सगळ्यांचा एकाच दिशेला हवा. दीड तास लागला. भावोजी तुकडे कापून देत होते, तुफान ते हातात देत होती आणि चक्क गप्प होती. दोनदा मोडून पुन्हा मांडलं. तिसऱ्यांदा बसलं. मी मोजपट्टी लावली, गुणाकार केला, पुन्हा केला.

"दोन मीटर पस्तीस. सरासरी."

"अडीचपेक्षा कमी?"

"पंधरा सेंटिमीटर कमी. तुझा दर चालतो. नुसता चालत नाही, शंभरेक मीटरचे पैसे वाचतात."

तुफानने टेबलावर हात आपटला, सगळे खाके उडाले. "मोजपट्टी, तू देवमाणूस आहेस!"

"मी देवमाणूस नाही आणि मी अजून चिडलेली आहे. बस. सही करायच्या आधी दोन गोष्टी. एक, कटिंगचा आकडा घेतल्याशिवाय कुठलाही दर बाहेर जाणार नाही. आठवी अट, तुझ्या हाताने लिही." तिने लिहिली, दोन्ही प्रतींवर. "दोन, सहा महिने राहणार. पंधरा दिवसही राहणार. मी रजाच घेणार आहे, राजीनामा देणार नाही. तुला पटत नसेल तर हॉस्पिटलच्या ऑर्डरपुरती मी मजुरीने कापून देईन, शिक्का तू बदल, आणि आपण मैत्रिणीच राहू. पण पटवून घेण्यासाठी मी खोटं बोलणार नाही."

ती नाही म्हणाली असती तर मी खरंच उठले असते, आणि रस्ताभर रडले असते.

तुफानने सातव्या अटीवर बोट ठेवलं. मग म्हणाली, "फॅक्टरीतल्या मॅनेजरला तू हे कधी सांगितलंस? दुकानाचं?"

"रजा मागायला कारण द्यावंच लागलं. तीन आठवडे झाले."

"आणि मला आज. तेही ह्यांनी विचारलं म्हणून."

पैसा कसा वाचवायचा याचा मी सगळ्या बाजूंनी विचार केला होता. मॅनेजरला सांगितलं, वकीलबाईंना सांगितलं, आईला सांगितलं. जिच्यासोबत बसायचं तिलाच काय ते सांगितलं नाही, कारण ती दुखावेल अशी मला भीती होती. म्हणजे मी तिची काळजी घेतली की माझी, देव जाणे.

"सहा महिने मला मान्य," ती म्हणाली. "पंधरा दिवसही. पण एक अट माझी." तिने कागद आपल्याकडे ओढले आणि दोन्ही प्रतींवर आठव्या अटीखाली, तिरक्या मोठ्या अक्षरात लिहायला लागली. मी उलटं वाचत होते. 'सोडायचं मनात आलं तर आधी मला सांगायचं. फॅक्टरीला नंतर.'

"अगं, असं नसतं लिहीत. मनात आलं हे कुणी कसं सिद्ध करणार? वकीलबाई हसतील."

"हसू देत. वकीलबाईंना नाही यायचं इथे सकाळी शटर उघडायला."

"बरं. मग ते दोघींनाही लागू कर. तुझ्या मनात आलं तर तूही मला आधी सांगायचं."

ती चष्म्यावरून माझ्याकडे बघून हसली. ते नेहमीचं हसू नव्हतं. "माझ्या मनात कुठून येणार? तू गेलीस तर फॅक्टरीत जाशील. हे दुकान बसलं तर मी कुठे जाऊ? मला रजा द्यायला कोण बसलंय?"

भावोजी वाकून टेबलाखालची बटणं गोळा करत होते. ते तसेच थांबले.

मी पेन घेतलं. तीन पानांवर दुसरीकडे कुठेही करायच्या आधी, त्या तिरक्या अक्षरांखाली सही केली.